तुम्ही विचारलंत म्हणून: मॅनेजरच्या वरच्यांना मेल कसा करायचा

"काम मॅनेजरकडे अडकलंय, फॉलोअप करून थकले. त्यांच्या वरच्यांना सांगू का? पण डावललं असं वाटायला नको."

सांगा, पण वर जातोय हे मॅनेजरला आधी तुमच्या तोंडून कळू दे.

मी अंधेरीच्या एका ऑफिसात व्हेंडर पेमेंट बघायचे तेव्हाची गोष्ट. वसईच्या एका छोट्या बॉक्सवाल्याचं बिल अडकलं होतं. ऑर्डर चालू असतानाच आम्ही तीन प्लायचे, म्हणजे तीन थरांचे, बॉक्स पाच प्लाय करून घेतले, रेट वाढला पण पीओवर, म्हणजे आमच्या खरेदीच्या ऑर्डरवर, जुनाच राहिला, मग बिल जुळेना आणि सर रोज म्हणायचे बघतो बघतो. मी शेवटी विचारलं की सर नक्की अडलंय कुठे, तर कळलं की एवढा फरक मंजूर करायची त्यांची लिमिटच नाही आणि वर स्वतःहून विषय काढणं त्यांना जड जात होतं. बऱ्याचदा असंच असतं हो, माणूस मुद्दाम अडवत नसतो, म्हणून हा प्रश्न आधी विचाराच.

मग मी म्हटलं, "सर, मोठ्या मॅडमना मी मेल टाकू का? ड्राफ्ट आधी तुम्हाला दाखवते." त्यांनी त्यातलं एक वाक्य बदललं आणि पाठव म्हणाले. मेल एवढाच होता:

"मॅडम, सरांशी बोलून लिहितेय. बॉक्स पाच प्लाय केल्याने बिल पीओपेक्षा जास्त आलंय, फरकाची मंजुरी तुमच्या लेव्हलची आहे. व्हेंडर एमएसएमई आहे, 45 दिवस शुक्रवारी संपतात. बुधवारपर्यंत सुधारित पीओला मंजुरी मिळेल का?"

यात सरांनी उशीर केला असं कुठेच नाही, जुन्या फॉलोअपची जंत्री नाही, मागणी एकच आणि तारखेसकट. ती तारीखही मी ठरवलेली नव्हती. 2006 च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या वर जाता येत नाही, पुढे दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. घाई कायद्याची असली की कोणावर बोट ठेवावं लागत नाही.

सरांना उघड सीसीत ठेवलं. बीसीसी तर नकोच, ती कळली की विश्वास गेला. मॅडमचं उत्तर फक्त मला आलं, तेव्हा मी सरांना परत जोडून लिहिलं, "थँक यू मॅडम, सर आणि मी आज पीओ बदलून घेतो." हे विसरू नका, कारण इथेच माणसाला वाटतं की आपल्याला बाजूला काढलं.

मॅनेजर "नको पाठवू" म्हणाले तर कधीपर्यंत थांबू ते विचारा आणि ती तारीख त्यांनाच मेलवर लिहून ठेवा. ती उलटली की त्याच मेलवर, त्यांना सांगूनच, वरच्यांना जोडा. तक्रारच मॅनेजरच्या वागण्याची असेल तर मात्र हा रस्ता धरू नका, त्यासाठी थेट एचआर.