चार्टरचं एक पान आणि मामांच्या दोन सह्या

भवानी पेठेत मामांची बिस्किटं-साबणांची एजन्सी आहे. दोन सेल्समन, गोडाउनला तीन पोरं, एक टेम्पो. चुकीचा माल गेला की दुकानदार परत पाठवणार, मग क्रेडिट नोट आणि टेम्पोचा फुकटचा फेरा. क्वालिटीचा कोर्स मी केलेला, म्हणून मामा म्हणाले, "बघ काय करता येतं."

सुरुवात चार्टरपासून केली. प्रश्न काय, किती कमी करायचा, कुठून कुठपर्यंत बघायचं, कोण, कधीपर्यंत. सगळं एका पानात. प्रश्न मामांनीच सांगितला: "पोरं लक्ष देत नाहीत, म्हणून ऑर्डरी चुकतात." मी लिहिलं आणि खोडलं. प्रश्नातच कारण घातलं की नंतर कुणी दुसरं काही शोधत नाही.

मग आकडा हवा होता. क्रेडिट नोटा मोजायला घेतल्या आणि अडकलो. कमी आलेल्या मालाची तक्रार दुकानदार लगेच करतो, जास्त आलेला निमूट ठेवून घेतो! तो फक्त गोडाउनच्या स्टॉकमध्ये तुटीच्या रूपात दिसतो. म्हणून चार आठवडे माल टेम्पोत चढण्याआधी मी स्वतः ऑर्डरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिला, चिठ्ठीबद्दल शंका आली तर दुकानदाराला फोन केला. चूक म्हणजे काय हेही आधी ठरवावं लागलं: वस्तू, साइज किंवा नग मागितल्याप्रमाणे नसणं. कंपनीकडूनच माल आला नाही तर ती चूक धरायची नाही. 612 बिलांत 43 चुकली, म्हणजे शंभरात सात.

त्यातली 26 एकाच जातीची. एक चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे: "साबण लहान – 6". दुकानदाराला सहा डझन हवे होते, पोराने सहा पेट्या काढल्या. त्याचं काय चुकलं? चिठ्ठीवर डझन की पेटी हे लिहिलेलंच नव्हतं.

चार्टरवर लिहिलं: तीन महिन्यांत शंभरात सातवरून दोनवर. हद्द: सेल्समनच्या चिठ्ठीपासून टेम्पोत माल चढेपर्यंत. मामांनी सही केली. चिठ्ठीवर नग, डझन, पेटी असे तीन रकाने छापून घेतले. आकडा योग्य रकान्यात नसेल तर गोडाउनने माल काढायचाच नाही. पहिला आठवडा सेल्समन वैतागले, कारण चिठ्ठ्या परत येत होत्या.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा तसंच मोजलं. 598 बिलांत 17 चुका, म्हणजे शंभरात जवळपास तीन. लक्ष्य हुकलं. 17 चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या, तर 11 कागद रकान्यांचे नव्हतेच. जुन्या बिलांच्या पाठीवर, घाईच्या अक्षरात, फोनवर घेतलेल्या ऑर्डरी होत्या. अक्षर मामांचं.

हद्द मी सेल्समनच्या चिठ्ठीपासून आखली होती, फोन तिच्या बाहेरच राहिला. चूक माझीच. मामांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "फोनजवळ एक पॅड ठेव." चार्टरवरची हद्दीची ओळ खोडून मी लिहिलं, 'ऑर्डर कुणीही, कशीही घेतली तरी तिथपासून', आणि पान पुन्हा सहीला पुढे केलं.