थांबण्याची वेळ: ११.२०

आमच्या मसाला युनिटमधल्या पाऊच मशीनवर एक माल संपवून दुसरा लावताना भरायची चेंजओव्हर चेकलिस्ट मी मराठीत केली. युनिट उमरेडच्या बाजूला आहे, लाइनवरची सगळी पोरं आसपासच्या गावांतली. चौतीस ओळींपैकी तेहतीस ओळी दोन संध्याकाळी झाल्या. उरलेल्या एका ओळीने सात आठवडे खाल्ले, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

ती ओळ म्हणजे `DWELL TIME`. पाऊच सील करताना गरम जॉ फिल्मवर किती वेळ दाबून राहतो, तो वेळ. हेड ऑफिसने आधी शहरातल्या एका एजन्सीकडून भाषांतर करून घेतलं होतं, त्यात 'जबडा निवास काळ' असं लिहिलेलं. सीलला 'मोहोर'. मी हसलो, आणि मोठ्या शहाणपणाने 'थांबण्याची वेळ' असं केलं. जॉ थांबतो म्हणून थांबण्याची वेळ. पुढे रिकामी जागा, ऑपरेटरने आकडा भरायचा.

पहिल्याच आठवड्यात १०० ग्रॅम तिखटावरून ५०० ग्रॅमवर चेंजओव्हर होता. कॉलर बदलली, ऑगर बदलला, पाऊचची लांबी आणि आयमार्क लावला, लाइन सुरू झाली. तासाभरात पॅकिंगवरची बाई पाऊच घेऊन आली, कोपऱ्यातून तिखट भुरभुरत होतं. हाताने दाबलं तर हवा सुटत होती. पाण्याच्या टोपात धरलं तर खालच्या सीलमधून बुडबुडे.

अशा वेळी आधी सील ओढून उघडायची. आत लाल कण चिकटलेले दिसले तर पावडर सीलमध्ये अडकते आहे, म्हणजे भरणं आणि जॉ यांचा मेळ बिघडलाय. इथे सील केळीच्या सालीसारखी अलगद सुटली, दोन्ही पदर स्वच्छ. म्हणजे उष्णता आतपर्यंत पोचतच नव्हती. आमच्या ५०० ग्रॅमची फिल्म जाड आहे, तिला जास्त वेळ दाबावं लागतं. नुसतं तापमान वाढवलं तर वरचा पदर आकसतो आणि आतला कच्चाच राहतो.

चेकलिस्ट काढली. 'थांबण्याची वेळ' समोर लिहिलेलं: ११.२०.

"हे काय भाऊ?"

"सर, मशीन अकरा वीसलेच थांबवली होती नं. वेळ तर बरोबर लिहिली म्या."

बरोबरच होतं त्याचं. स्क्रीनवर १०० ग्रॅमची 0.35 सेकंदांची सेटिंग तशीच होती. ५०० ग्रॅमला आम्ही 0.60 ठेवतो. एका तासाचा माल पुन्हा फोडून भरावा लागला, आणि चूक माझ्या दोन शब्दांची.

मी त्याच दिवशी ओळ बदलली: 'जॉ किती सेकंद दाबून राहतो (स्क्रीनवर `DWELL TIME`)'. आता खरी गंमत. हेड ऑफिसच्या कागदपत्र विभागाने ती परत पाठवली. शेरा: मूळ शब्द दोन, मराठीत वाक्य, जुळत नाही. पुन्हा पाठवली, तर म्हणे स्क्रीनवरचं नाव इंग्रजीत आहे, मराठी प्रतीत चालणार नाही. अहो, पण मशीनची स्क्रीन मराठीत कुठाय? ऑपरेटरला कागदावरचा शब्द स्क्रीनवर शोधायचा असतो! शेवटी मी त्यांना ती ११.२० ची शीट आणि एक उघडी सील पाकिटात घालून पाठवली. चौथ्या दिवशी मंजुरी आली, कुठलाही शेरा न देता.

आणखी एक आठवलं, हे आधी सांगायला हवं होतं. आकडे स्क्रीनवर दिसतात तसेच लिहा. मराठी १ घाईत इंग्रजी 9 वाटतो, ४ हा 8 वाटतो. तापमानाच्या रकान्यात तर हे अजिबात परवडत नाही.

आणि 'नाही' असलेला प्रश्न टाळा. 'जुना रोल शिल्लक नाही ना? हो / नाही' असं मी लिहिलं होतं. काहींनी 'हो' वर टिक केली, काहींनी 'नाही' वर, आणि सगळ्यांना एकच म्हणायचं होतं. आता 'जुना रोल लाइनवरून उचलला' एवढंच आहे. 'लाइन क्लिअरन्स', म्हणजे जुना माल लाइनवरून पूर्ण हटवणं, हा शब्दही काढला, कारण आमच्याकडे लाइन क्लिअर म्हणजे 'चला, सुरू करा'. त्याजागी हॉपर, ऑगर, कन्व्हेअरखालची जागा, जुन्या छापाचे पाऊच अशी एकेक जागा लिहिली.

परवाच्या चेंजओव्हरला त्याच ऑपरेटरने त्या ओळीसमोर 0.60 लिहिलं. मग म्हणाला, "सर, रकाना लहान झाला जी. बोटाले तिखट असलं का अक्षर बसत नाही." रकाना वाढवायचा म्हणजे पुन्हा त्याच विभागात अर्ज. अजून केलेला नाही.