दिवेघाटाची एकादशी आणि मीठ-साखरेचं पाणी

माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो दिवस बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. 2023 ला तसंच होतं, 2024 लाही. म्हणजे वारीतली सर्वांत लांब चाल, तीस किलोमीटरच्या वर, शेवटी दिवेघाटाची चढण, आणि पोटात उपास. दिंडीतलं पाणी मी बघतो, त्यामुळे आदल्या रात्रीच माझी जुळवाजुळव सुरू होते: अर्धा किलो साखर, बारीक कुटलेलं सैंधव, चहाचा एक चमचा आणि वीस लिटरचा जार.

उपासाच्या दिवशी अडचण पाण्यापेक्षा मिठाची जास्त असते. एरवी भाकरी, पिठलं, आमटी, लोणचं यांतून घामात गेलेलं मीठ न कळत भरून निघतं. एकादशीला दिवसभर केळी, राजगिऱ्याचा लाडू, खजूर आणि चहा. केळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम जवळजवळ नाही. घामातून मात्र मुख्यतः सोडियमच जातं, लिटरमागे साधारण एक ग्रॅम, कुणाचं कमी, कुणाचं बरंच जास्त. हडपसर ओलांडल्यावर माणसांच्या खांद्यावरच्या पिशव्या बघाव्यात. ज्याच्या पिशवीच्या काळ्या पट्ट्यावर वाळलेली पांढरी रेघ उमटली आहे, त्याचा घाम खारट आहे. घाटाआधी त्याच्या हातात पहिला पेला द्यायचा.

पाणी करायची रीत साधी आहे, पण माप चुकलं की सगळं बिघडतं. एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलीचा, आणि वरचा ढीग बोटाने सारून सपाट केलेला. लिटर मोजायला विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली सगळ्यांत खात्रीची, कारण तांब्या-लोट्याचा अंदाज हमखास चुकतो. वीस लिटरच्या जारला हेच माप सपाट दहा चमचे मीठ आणि अर्धा किलो साखर असं पडतं. टँकरचं पाणी असेल तर आधी क्लोरीनचं औषध टाकून अर्धा तास थांबायचं, मग मीठ-साखर.

उपासाला साधं मीठ न चालणाऱ्यांसाठी सैंधव घ्यायला काहीच हरकत नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. फक्त ते भरड असेल तर चमच्यात खड्यांमध्ये पोकळी राहते आणि मीठ कमी पडतं, म्हणून आधी कुटून घ्यायचं. शेवटी जिभेवर एक थेंब टाकून बघायचा. डोळ्यातल्या पाण्याइतका खारट लागला तर ठीक, त्याहून खारट लागला तर ते पाणी ओतून नवीन करायचं. त्यात पाणी वाढवत बसलं की कशाचंच प्रमाण धड राहत नाही.

साखर चवीपुरती नाही. लहान आतड्यात तिच्यातलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजलं, ते याच आधारावर. पण साखर दुप्पट झाली की उलटं होतं: दाट द्रावण शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं, पोट गुडगुडतं आणि जुलाब लागतात. वाटेत वाटलेलं ओआरएसचं लिटरभराचं पाकीट कुणी एका पेल्यात घोळून पिताना दिसतं, तेव्हा मी हात धरून थांबवतो. पाकिटावर लिहिलेलं पाणी पूर्ण घ्यायचं. 200 मिलीची पाकिटं वेगळी मिळतात.

शहाळ्याचंही केळ्यासारखंच. त्यात पोटॅशियम चांगलं, सोडियम थोडं. एका शहाळ्यात दोन चिमटी मीठ टाकलं तर चालणाऱ्याच्या उपयोगी पडतं.

वडकी नाल्याला दुपारचा विसावा असतो. तिथे एक मावशी झाडाखाली डोकं धरून बसल्या होत्या, मळमळ होत होती. सोबतची बाई त्यांना पाण्याची बाटली देत होती.

“मावशी, सकाळपासून पाणी किती झालं?”

“माउली, जिथं वाटत होते तिथं घेतलंच की. ऊन लई, म्हणून बाटलीमागं बाटली. धा-बारा झाल्या आसतील.”

अर्ध्या लिटरच्या बाटल्या, म्हणजे पाच-सहा लिटर. सहा तासांच्या चालीत, त्यांच्या अंगयष्टीला तासाला अर्धा लिटर घाम धरला, तर तीन लिटर गेले आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट आले, तेही मिठाशिवाय. तोंड ओलं होतं, लघवी दोनदा पाण्यासारखी झाली होती, आणि बोटातली अंगठी रुतून बसली होती. पाणी कमी पडलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, लघवी गडद आणि थोडी होते, उभं राहिलं की चक्कर येते. इथे रक्तातलं सोडियम पातळ होत चाललं होतं. त्यातून त्यांना रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू होती, तिने सोडियम आणखी उतरतं. मी बाटली बाजूला ठेवायला लावली, मूठभर खारे शेंगदाणे दिले आणि त्यांना वैद्यकीय पथकाच्या गाडीत बसवलं. अशा वेळी मीठ-साखरेचं पाणीही भरभरून पाजायचं नाही, कारण तेही शेवटी पाणीच. उलट्या, असंबद्ध बोलणं किंवा झटका दिसला तर वाट न बघता 108 ला फोन करायचा.

याच्या अगदी उलट तरुण मुलींचं. वाटेत लघवीला जायची सोय नाही म्हणून त्या सकाळपासून घोटभरही घेत नाहीत, आणि घाटात भोवळ येते. त्यांना फक्त “पाणी प्या” म्हणून भागत नाही. पुढचं फिरतं शौचालय कुठे आहे ते आधी सांगावं लागतं, तेव्हा कुठे पेला हातात घेतात.

आमच्या दिंडीत माझं माप असं: तहान लागेल तसं साधं पाणी, आणि घाट धरून दिवसभरात मीठ-साखरेचं लिटर-दीड लिटर, पेल्यापेल्याने. पहाटे निघताना भगरीची पातळ पेज, मीठ घालून. तिच्यातल्या पिठाचं पोटात ग्लुकोजच होतं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांना हे माप लागू नाही, त्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यायचं ते डॉक्टरांकडून निघण्याआधीच ठरवून आणावं. पायात गोळे आले तर पोटरी ताणून चोळायची आणि एक पेला द्यायचा. पण प्रत्येक गोळा मिठाचाच नसतो, थकलेला स्नायूही वळतो, तेव्हा पेल्यावर पेला ओतून उपयोग नाही.

घाटात एखाद्याचं अंग भट्टीसारखं तापलं आणि तो भ्रमिष्टासारखं बोलू लागला, तर त्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही. सावलीत आडवा करून अंगावर पाणी मारायचं, उपरण्याने वारा घालायचा, बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत धरायचा, आणि गाडी बोलवायची.

संध्याकाळी सासवडला पोचल्यावर जारमध्ये उरलेलं पाणी ओतून टाकतो. उकाड्यात रात्रभर राहिलेल्या साखरपाण्यात जंतू वाढतात, सकाळी ते कुणाला देण्यासारखं राहत नाही. दुसऱ्या दिवशी चाल नसते आणि द्वादशीच्या पारण्याला वरणभात, लोणचं, पापड असतात. मीठ पानातूनच पोटात जातं, त्यामुळे त्या दिवशी जार धुऊन उपडा ठेवतो.