तुम्ही विचारलंत म्हणून: त्या स्थळाला नाही का म्हणले

"पोरगा चांगला, नोकरी पक्की, घरचे साधे, तुझ्याशी दोन तास बोललाबी. मग नाही कामून म्हणलीस?"

आत्या, दोन्ही मावश्या, शेजारच्या काकू, आणि ज्यांचं स्वतःचं लग्न ठरवताना कुणी चहासुद्धा नीट विचारला नव्हता त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहायलेय. परत फोनवर सांगणार नाही.

आधी त्याच्या बाजूचं लिहिते, नाहीतर म्हणाल पोरीला नावंच ठेवायची होती. अंबाजोगाईच्या त्या हॉटेलात त्यानं मोबाईल उलटा करून ठेवला होता, मी बोलताना मान हलवत होता, हं हं करत होता, मधे तोडत नव्हता. माझं एमएसडब्ल्यू झालंय, समोरच्याचं ऐकायचं कसं हे आम्हाला परीक्षेला असतं, आणि त्या मार्कांत बघितलं तर पोरगा डिस्टिंक्शननं पास होता. प्रश्नही भरपूर विचारले. स्वयंपाक आवडतो का, बदली झाली तर चालेल का, सोमवार करता का, पुढं शिकायचंय का. मी काही विचारलं की उत्तर देऊन लगेच "आणि तुम्ही?" असंही म्हणायचा. पण हे सगळे प्रश्न गाडीत बसून लिहून आणता येतात. माझ्या जागी माझी मामेबहीण बसली असती तरी तेच प्रश्न, त्याच क्रमानं आले असते. हे मला त्या दिवशी असं शब्दांत सुचलं नव्हतं, नुसतं थकल्यासारखं वाटत होतं.

मग त्यानं छंद विचारला. मी म्हणलं मोडी शिकतेय. २०२३ पासून आपल्याकडं मोडी म्हणलं की समोरून एकच येतं, आमची कुणबी नोंद बघून देता का. त्यानंही तेच विचारलं, हसून, आणि मीही हसले, त्याचा राग नाही. दारू कुठं मिळते विचारावं तसं लोक रस्त्यात थांबवून विचारतात, सवय झालीय.

पण मग मी त्याला कागदाचं सांगितलं. हे घरातपण बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, आता होईल, होऊ द्या.

आमच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत जुन्या कागदांचा एक गठ्ठा होता. मोडीत आधी आडवी रेघ मारतात आणि त्या रेघेखाली अक्षरं टांगत जातात, हात शक्यतो न उचलता, शब्दांमधे जागा नाही, ऱ्हस्व दीर्घाचा भेद नाही, त्यामुळं वाचताना शब्द कुठं संपला हे अर्थावरनंच ठरवावं लागतं. एकेका ओळीला संध्याकाळ जायची. त्यात एक खरेदीखत निघालं, फसली १३४६ चं. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३६-३७, निजामाचा काळ. लिहून देणारे माझे पणजोबा. आमच्या घरात लहानपणापासून एकच गोष्ट, की विहिरीजवळची जमीन सावकारानं लबाडीनं गिळली. अप्पा अजून त्या घराण्यातल्या लग्नाला जात नाहीत. आणि कागदात लिहिलंय की मुलीच्या लग्नाच्या खर्चासाठी, राजीखुशीनं, जमीन विकत दिली.

मला माहितेय की राजीखुशीनं हे प्रत्येकच खतात असतं, गळ्यावर पाय देऊन लिहून घेतलेल्यातही. म्हणून काही सिद्ध होत नाही. पण लग्नाचं कारण कुणी उगं लिहीत नाही, असं मला तेव्हा वाटलं. आणि ती मुलगी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण, जिचं नावसुद्धा घरात कुणी घेत नाही.

हे सगळं मी त्याला जवळपास असंच सांगितलं. आणि शेवटी म्हणलं, "घरात अजून कुणालाच सांगितलं नाही मी."

तो म्हणला, "किती एकर होती?"

मी सांगितलं. मग म्हणला, "आता तिथं काय आहे? हायवेला लागून येते का ती?"

आता तुम्ही म्हणणार, एवढ्यावरनं? मराठवाड्यात जमिनीचं निघालं की एकर विचारणारच की माणूस. मान्य. माझ्या मामानंही तेच विचारलं असतं. पण बघा, हा प्रश्न गाडीतला नव्हता, माझ्याच बोलण्यातून निघाला होता. म्हणजे पुस्तकी हिशोबानं त्यानं धागा पकडून पुढचा प्रश्न विचारला. मी हे कितीतरी दिवस स्वतःलाच सांगत होते की अगं त्यानं ऐकलं म्हणूनच विचारलं ना. आणि मला त्या मीला सांगायचंय की नाही बाई, माझ्या त्या बोलण्याला तीन टोकं होती. एक जमीन, एक लग्नाचा खर्च, आणि एक मी कुणाला सांगितलं नाही ते. तिसरं मी सगळ्यात शेवटी बोलले, आवाज खाली आणून, त्यानं विचारलेलं नसताना. माणूस न विचारता, शेवटी जे जोडतो तिथं तो उभा असतो. त्यानं पहिलं टोक धरलं, कारण ते त्याच्या कामाचं होतं. आणि मधलं टोक तर लग्न ठरवायला बसलेल्या दोन माणसांच्या अगदी समोर पडलेलं होतं, की कुणाच्यातरी लग्नापायी कुणाचं तरी रान जातं. त्याला हात लावायला मी मनातल्या मनात त्याला किती वेळ दिला तुम्हाला माहीत नाही.

काय विचारायला पाहिजे होतं, हेही तुम्ही विचारता, जरा कुत्सितपणे. फार काही नाही. "कुणालाच नाही?" एवढंच, आणि मग गप बसायचं. "का नाही सांगितलं" नको, कारण "का" आला की माणूस जबाब द्यायला लागतो, मीसुद्धा कारणं जुळवत बसले असते. किंवा "सांगायचं झालं तर आधी कुणाला सांगाल?" यात ऐकलेलं आहे, आणि मला पुढं जायला रस्ता आहे. रॉजर्स आणि फार्सन या दोघांनी १९५७ मधे ॲक्टिव्ह लिसनिंगवर लिहिलं तेव्हाच सांगून ठेवलं होतं की बोलण्यात मजकूर असतो आणि मजकुराखाली त्या माणसाला काय वाटतंय ते असतं, उत्तर त्या दुसऱ्याला द्यायचं. आम्ही ते पाठ करून लिहिलं, आणि नंतर त्याचं मान हलवणं, समोर बघणं, शेवटचे शब्द परत म्हणणं एवढंच उरलं. तेवढं त्याला येत होतं.

एकराचं झाल्यावर तो म्हणला, "आमचीपण गेली होती, कुळात." हैदराबादचा १९५० चा कूळकायदा, त्यात त्यांच्या आजोबांची जमीन कसणाऱ्यांच्या नावावर झाली. आणि इथं जे झालं ते मला जास्त लागतं. मी सवयीनं विचारलं, "आजोबा त्याबद्दल काही बोलायचे का?" तो थांबला. म्हणला आजोबा बोलायचे नाहीत, पण म्हातारपणी रोज संध्याकाळी चालत त्या बांधापर्यंत जायचे. मी विचारलं, एकटेच? म्हणला नाही, मला घेऊन. मग तो अर्धा पाऊण तास बोलला, डोळे भरले होते त्याचे, आणि मी खरंच ऐकत होते, नाटक नव्हतं. चांगलं बोलला. मला तो त्या वेळात आवडलासुद्धा, हे लिहून टाकते.

बोलणं संपलं, बिल आलं. माझ्या कागदाकडं तो परत आलाच नाही.

आणि रात्री मध्यस्थाचा फोन, की मुलाकडून होकार आहे, मुलगा म्हणतो एवढं मनमोकळं बोलणं कुणाशी झालंच नव्हतं. आई खूश. मी मात्र त्या फोननंतर ठरवलं. त्याला वाटलं आमचं दोघांचं बोलणं झालं. झालं त्याचं होतं.

नंतर रागारागात मी शोधून वाचलं. हार्वर्डच्या कॅरन हुआंग आणि ॲलिसन वुड ब्रुक्स वगैरेंचा २०१७ चा अभ्यास आहे. त्यांनी गप्पांमधले प्रश्न वेगळे केले: ओळखीचे, उलटून विचारलेले, विषय बदलणारे, आणि आधीच्या बोलण्याला धरून पुढं जाणारे. हे शेवटचे जे जास्त विचारतात ते समोरच्याला जास्त आवडतात, स्पीड डेटिंगमधे त्यांना परत भेटायचा होकारही जास्त मिळाला. आणि मजा म्हणजे प्रश्न विचारल्यानं आपण आवडतो हे लोकांच्या सहसा लक्षातच येत नाही. माझ्या मध्यस्थाला वाचायला द्यावा असा अभ्यास आहे, त्या पोराचा होकार कशातून आला ते त्यात लिहिलंय. पण मला काय पाहिजे होतं ते त्यात पूर्ण नाही, कारण "किती एकर" हाही त्यांच्या मोजणीत पुढं जाणाराच प्रश्न धरला जाईल बहुतेक.

दादा म्हणतो तू ट्रेनिंग घेतलेली, तो बिचारा ऑफिसातला, ही बरोबरी नाही. आणि पहिल्या भेटीत माणूस घाबरलेला असतो, लक्ष अर्धं पुढच्या प्रश्नात असतं. पटतं मला. पण त्यानंतर आमचे फोनही झाले ना, मी लगेच नाही कळवलं नव्हतं. एखाद्या फोनमधे सहज "त्या कागदाचं काय झालं" एवढं आलं असतं तर मी आज हे लिहीत नसते. पहिल्या भेटीत सुटलेलं नंतर विचारता येतं, उलट तसं विचारलेलं जास्त मोठं असतं, कारण मधल्या दिवसांत ते डोक्यात राहिलेलं असतं. फोनवर आला तो हॉलचा विषय, आणि किती पानं उठतील त्याचा.

आईचं म्हणणं वेगळं. ती म्हणते तुझ्या अप्पांनी मला पंचवीस वर्षांत असा एक प्रश्न विचारला नाही, संसार अडला का? यावर माझ्याकडं उत्तर नाही. नाही अडला. पण मी तिला विचारलं की तुला कधी काही सांगावंसं वाटलं होतं का त्यांना, जे नाही सांगितलं, तर ती उठून गॅस बंद करायला गेली, आणि गॅस चालू नव्हता.

आता हिंगोलीकडचं एक आलंय. तो बोलताना सारखा मधे तोडतो, समोर बघत नाही, पाय हलवत बसतो, आमच्या सरांनी नापास केला असता. पण दुसऱ्या फोनला त्यानं विचारलं की मागं तुम्ही म्हणला होता मोडीत शब्द कुठं तोडायचा कळत नाही, मग चुकीचा तोडला तर समजतं कसं? मी बराच वेळ सांगत बसले. त्याला कागदाचं सांगितलेलं नाही अजून. दादा म्हणतो सांगू नको, परीक्षा घेतल्यासारखं होईल. मी म्हणलं परीक्षा नाही घ्यायलेय. तो म्हणला, मग काय घ्यायलीस? आमचं त्यावर भांडण चालू आहे, ते मिटलं की हिंगोलीला काय ते कळवते, तोवर आत्या, फोन करू नका.