आमची वाटचाल: बिल प्रिंटर आणि एक चिकट रोल

आम्ही सुरुवात केली तेव्हा फक्त काउंटरचे प्रिंटर विकायचो, दुरुस्ती नंतर अंगावर पडली आणि आज तेच आमचं मुख्य काम झालंय.

त्यातली एक केस आमच्यासाठी फार महत्त्वाची ठरली. एका ग्राहकाचा फोन आला की नवीन प्रिंटर एकदम कोरी बिलं काढतोय. मी गेलो, बघतो तर रोल उलटा बसवलेला. थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसतेच, हेडच्या उष्णतेने कागदावरचा लेप काळा होतो आणि लेप असतो एकाच बाजूला, म्हणून उलट्या बाजूवर काहीच उमटत नाही. नख जोरात ओढायचं, जिथे काळी रेघ येते ती बाजू हेडकडे. रोल फिरवला, प्रिंट आली, मी निघालो.

आठ दिवसांनी परत फोन, आता प्रिंट फिकी येते म्हणे. मी फोनवरच सेटिंगमधून डेन्सिटी वाढवायला सांगितली आणि ती माझी खरी चूक होती, कारण दोन दिवस बरं चाललं आणि मग कटर अडकला, लाल लाइट ब्लिंक व्हायला लागला, झाकणही उघडेना.

या वेळी नीट बसलो. प्रिंटर बंद करून चालू केला तरी ब्लेड मागे जाईना. मग बंद करून पुढचं छोटं कव्हर काढलं, आत कटरचं दातेरी चाक असतं ते बोटाने हळूहळू फिरवलं तेव्हा ब्लेड आत गेलं आणि झाकण उघडलं. ब्लेडवर चिकट डिंकाचा थर, त्यात कागदाची पांढरी भुकटी. रोलचं शेवटचं टोक नळीला डिंकाने चिकटवलेलं होतं, ते लोक रोल पार संपेपर्यंत चालवायचे आणि तो डिंक हेडवरून कटरमध्ये जायचा. म्हणजे फिकी प्रिंट आणि कटर, दोन्हीचं मूळ एकच!

हेड गार होऊ दिलं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसलं, पूर्ण सुकू दिलं, मग फीड बटण दाबून धरून चालू केला आणि सेल्फ टेस्ट काढली. अक्षरं गडद आली, डेन्सिटी परत मूळ जागेवर आणली, कारण विनाकारण जास्त उष्णता दिली की हेडचं आयुष्य कमी होतं. एक बारीक उभी पांढरी रेघ मात्र पुसूनही गेली नाही, म्हणजे हेडचा तेवढा ठिपका जळालेला, त्याला हेड बदलण्याशिवाय इलाज नाही. रेघ आकड्यांवर येत नव्हती म्हणून हेड तसंच ठेवलं.

तेव्हापासून फिकी प्रिंट म्हटलं की आमची मुलं आधी चालू रोल बघायला मागतात, डेन्सिटीला हात नंतर. आणि त्या ग्राहकाकडे आता रोल संपत आल्याची रंगीत पट्टी दिसली की लगेच रोल बदलतात.