"प्रश्न नाहीत असे दिसते"

"प्रश्न नाहीत असे दिसते, तर आपण इथेच थांबूया," असे सूत्रसंचालक ताई म्हणाल्या आणि त्यानंतर लगेच चॅटमध्ये खानापूरच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न उमटला: खोडव्याला पहिले पाणी कधी द्यावे? तोवर आभारप्रदर्शन सुरू झाले होते.

काल संध्याकाळचे ऊस पिकावरील ते सत्र यूट्यूबवर थेट दाखवले जात होते. अशा प्रसारणात प्रेक्षकाला आवाज काही सेकंद, कधी 15-20 सेकंदही, उशिरा पोहोचतो. त्यात मोबाइलवर मराठी टंकायला लागणारा वेळ धरला, तर विचारल्यावर निदान मिनिटभर थांबणे आवश्यक ठरते. सूत्रसंचालकाच्या संहितेत स्वागताची वाक्ये तपशीलवार असतात, हे थांबणे मात्र कुठेच लिहिलेले नसते, याची मला मनापासून खंत वाटते.

माझ्या मते तेथे असे लिहावे: "शेवटची 10 मिनिटे उरली आहेत, आपला प्रश्न आताच लिहायला घ्या, तोवर सर लागवडीच्या अंतराविषयी बोलतील." असे म्हटल्याने शांतता अवघडत नाही आणि लिहिणाऱ्यालाही वेळ मिळतो. सुरुवातीच्या सूचनांतच "आपल्या गावाचे नाव लिहा" असे सांगितले, तर निपाणी, चिकोडी, बेळगाव अशी नावे येऊ लागतात, चॅटची खिडकी सर्वांना सापडते आणि पहिले नाव उमटायला किती वेळ लागला त्यावरून प्रसारण किती मागे आहे, याचा अंदाजही येतो.

निरोपापूर्वी अनुत्तरित प्रश्न मोठ्याने वाचून त्यांची उत्तरे कुठे मिळतील हे सांगायला आपल्याकडील आयोजक तयार होतील का?