गोल पडद्यावर तीन कॉम्प्लिकेशन बसवताना

सॅमसंगच्या वॉच फेस स्टुडिओत वेअर ओएस या स्मार्टवॉचच्या प्रणालीसाठी घड्याळाचा चेहरा करायला घेतला, तेव्हा हवं होतं एवढंच: मध्ये मोठी वेळ, वर तारीख, खाली डावीकडे बॅटरी आणि उजवीकडे पावलं. वेळेशिवायच्या अशा छोट्या माहितीला कॉम्प्लिकेशन म्हणतात आणि ती बसते त्या जागेला स्लॉट. कॅनव्हास 450 बाय 450 चा चौकोन दिसतो, पण घड्याळ गोल आहे. त्यामुळे कोपरे आपले नसतातच.

खालच्या स्लॉटसाठी 100 बाय 100 चा चौकोन धरला. त्याचं केंद्र (350, 350) वर ठेवलं तर बाहेरचा कोपरा (400, 400) वर जातो. पडद्याच्या मध्यापासून हे अंतर साधारण 247, आणि त्रिज्या तर 225. म्हणजे कोपरा कापला जाणार. केंद्र (320, 320) वर आणलं की तेच अंतर 205 होतं आणि कडेला 20 पिक्सेल मोकळे राहतात. डावीकडचा स्लॉट त्याच हिशेबाने (130, 320) वर. स्लॉटची वरची कड आता 270 वर येते, म्हणून वेळेचे आकडे 260 च्या आत संपवले.

बॅटरीला RANGED_VALUE हा कॉम्प्लिकेशनचा प्रकार दिला, कारण तिथे आकड्याभोवती भरत जाणारी कमान शोभते. पावलांना SHORT_TEXT, म्हणजे छोटा मजकूर. हा प्रकार साधारण सात अक्षरांपुरताच असतो, तेव्हा फाँटचं माप «842» वर नव्हे, «12,450» वर ठरवावं. तारखेत वार देवनागरीत हवा असेल तर चौकट उंच ठेवा. «गुरु»चा उकार खाली आणि «शनि»ची वेलांटी वर छाटली जाते, आणि इंग्रजी वारांवर चाचणी घेतली तर हे कळतच नाही.

रंगांत काळी पार्श्वभूमी हवीच. ओलेड पडद्यावर काळा पिक्सेल बंद असतो. त्यावर शुद्ध निळा #0000FF कितीही देखणा वाटला तरी कॉन्ट्रास्ट जेमतेम 2.4:1 भरतो. वाचायच्या मजकुराला किमान 4.5:1 लागतो. शुद्ध लाल 5.25:1 वर कसाबसा पास होतो. अंबर #FFB300 मात्र साडेअकराच्या वर जातो, म्हणून आकडे पांढरे आणि कमान अंबर. निळा ठेवायचाच असेल तर फिकट आकाशी घ्या.

सतत चालू राहणाऱ्या पडद्याचा, म्हणजे एओडीचा, आराखडा वेगळा करावा लागतो. तिथे पेटलेले पिक्सेल 15 टक्क्यांच्या आत हवेत. स्टुडिओत हे प्रमाण ओपीआर या नावाने दिसतं. जाड भरीव आकडे हीच मर्यादा पहिल्यांदा खातात, म्हणून तिथे बारीक फाँट घेतला आणि कमान काढली. सेकंदही काढले, कारण या अवस्थेत पडदा मिनिटाला एकदाच बदलतो आणि सेकंद गोठून चुकीची वेळ दाखवतात. पावलं ठेवली, पण मंद करड्या रंगात. तो रंग भर उन्हात मनगटावरच तपासावा, कारण लॅपटॉपवर तो नेहमीच ठीक दिसतो.